२४ जूनची मेणबत्ती

जूनच्या मध्यात ठाण्यात मेणबत्ती पेटवून रस्त्यावर चालायचं म्हणजे वाऱ्याशी आणि पावसाशी वाटाघाटीच. मान्सून मुंबई परिसरात साधारण ११ जूनच्या आसपास पोहोचतो. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा नोव्हेना, म्हणजे सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होतो १५ जूनला आणि सण येतो २४ जूनला. म्हणजे नऊच्या नऊ संध्याकाळी आभाळ भरलेलं, वात दमट आणि वारा नैर्ऋत्येचा. तरीही हा सण मेणबत्तीशिवाय होत नाही, कारण ज्याचा सण आहे त्याच्याविषयी खुद्द येशूने म्हटलंय, ‘तो जळता व प्रकाशणारा दिवा होता.’ दुसऱ्या योहानाच्या, म्हणजे प्रेषित योहानाच्या शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायात हे वाक्य आहे.

ठाण्यात या संताच्या नावाचं चर्च मासुंदा तलावाजवळ आहे, पोर्तुगीज काळातलं. त्याला लागून असलेली शाळाही याच संताच्या नावाची, त्यामुळे चर्चमध्ये कधी न गेलेल्या ठाणेकरांच्या तोंडीही हे नाव असतं. पुढे जे लिहिलंय ते मात्र एखाद्याच चर्चचं वेळापत्रक नाही. नोव्हेनाचा सांगाडा सगळीकडे सारखा असतो. वेळा, मिरवणुकीचा मार्ग आणि भाषा बदलतात, आणि त्या दरवर्षी चर्चच्या दाराशी असलेल्या फलकावरच बघाव्या लागतात.

आधी नऊ दिवसांची मोजणी, कारण पहिली चूक तिथेच होते. सणाचा दिवस नऊमध्ये धरत नाहीत. सण दहावा. २४ जूनचा सण असेल तर १५ ते २३ हे नऊ दिवस. नऊचा आकडा आला बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातून. येशूच्या स्वर्गारोहणानंतर शिष्य मरियेसह एकत्र राहून प्रार्थना करत होते आणि पवित्र आत्म्याचं आगमन झालं ईस्टरपासून पन्नासाव्या दिवशी. स्वर्गारोहण चाळिसाव्या दिवशीचं. या दोन दिवसांच्या मधे उरतात ते नऊ. म्हणून नोव्हेना ही वाट बघण्याची प्रार्थना आहे, नवसफेडीचा हिशेब नाही. एखादा दिवस चुकला तर पहिल्यापासून सुरू करायची गरज नसते, दुसऱ्या दिवशी जाऊन पुढे चालू ठेवायचं. बाकांवर कधीकधी हाताने लिहिलेल्या किंवा झेरॉक्स केलेल्या चिठ्ठ्या सापडतात: ही प्रार्थना नऊ वेळा लिहा, नऊ दिवस चर्चमध्ये ठेवा, नाहीतर अमुक होईल. चर्चने असं काही कधी सांगितलेलं नाही. चिठ्ठी सापडली तर घाबरून पुढे लिहीत बसू नये, स्वयंसेवकाकडे द्यावी.

मोजणी आणखी एका कारणाने घसरते. येशूच्या पवित्र हृदयाचा सोहळा ईस्टरवरून ठरतो, त्यामुळे तो दरवर्षी सरकतो आणि क्वचित नेमका २४ जूनला येतो. २०२२मध्ये तसं झालं. तेव्हा बहुतेक ठिकाणी योहानाचा सोहळा एक दिवस अलीकडे, २३ला घेतला गेला, आणि त्या हिशेबाने नोव्हेना १४लाच सुरू व्हायला हवा. काही चर्चेस लोकांच्या सोयीसाठी बाहेरचा उत्सव जवळच्या रविवारी ठेवतात, तेव्हा नववा दिवस शनिवारी पडतो. दुसऱ्या शहरातून येणाऱ्यांनी तारीख पाठ आहे म्हणून निघू नये, त्या वर्षीचा फलक किंवा पत्रिका आधी बघावी.

बहुतेक संतांचा सण त्यांच्या मृत्यूच्या दिवशी असतो, कारण तो स्वर्गातला जन्म मानला जातो. या पृथ्वीवरचा जन्म चर्चच्या दिनदर्शिकेत फक्त तिघांचा साजरा होतो: येशूचा, मरियेचा आणि या योहानाचा. त्याच्या शिरच्छेदाचं स्मरण वेगळं, २९ ऑगस्टला. जूनमधला सण जन्माचा असल्यामुळे धर्मगुरूंचा झगा पांढरा असतो, वेदीवरची फुलंही शक्यतो पांढरी. लाल गुलाब घेऊन आलेल्याला कुणी परत पाठवत नाही, पण हुतात्म्याचा लाल रंग ऑगस्टचा.

तारीख जूनमधलीच का, हे या सणाचं खरं सौंदर्य आहे. लूकच्या शुभवर्तमानात देवदूत मरियेला सांगतो की तुझी नातलग अलीशिबा सहाव्या महिन्यात आहे. अलीशिबा ही योहानाची आई, म्हणजे योहान येशूपेक्षा सहा महिन्यांनी मोठा. नाताळ डिसेंबरच्या शेवटी, तर हा जूनच्या शेवटी. नाताळानंतर दिवस मोठा होत जातो, २४ जूननंतर लहान होत जातो. संत ऑगस्टीनने प्रवचनात हे जोडून दाखवलंय, कारण योहानाचं स्वतःचं वाक्य आहे, ‘त्याची वृद्धी व्हावी व माझा ऱ्हास व्हावा.’ मेणबत्तीकडे बघताना हे वाक्य आठवलं की वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

या सगळ्याचा एक अगदी व्यवहारी परिणाम असा, की वर्षातला जवळजवळ सर्वात मोठा दिवस असताना मेणबत्त्यांची मिरवणूक काढायची असते. ठाण्यात त्या दिवशी सूर्य सव्वासातनंतर मावळतो आणि अंधार पडायला पावणेआठ होतात. साडेसहाला मिरवणूक निघाली तर हातात ज्योत आहे की नाही हे दोन हातांवरून दिसत नाही. म्हणून जाणती मंडळी आधी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, ठेवतात आणि मिरवणूक नंतर. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. त्याआधी आशीर्वाद आणि आभार संपायला हवेत, तेव्हा मधे मिळतात जेमतेम दोन तास. त्यात पाऊस कधी पडेल याचा भरवसा नाही.

नोव्हेनाची रोजची संध्याकाळ साधी असते. मिस्साच्या अर्धा तास आधी जपमाळ. साधारण वीस मिनिटांत दहा-दहा मण्यांच्या पाच दहाक्या होतात. मग मिस्सा, पाऊण ते एक तास, त्या दिवसाच्या विषयावर प्रवचन. शेवटी किंवा सुरुवातीला नोव्हेनाची प्रार्थना आणि लितानी, म्हणजे एकेक नाव घेत सगळ्यांनी उत्तर देत म्हणायची विनवणी, दहा मिनिटं. एकेक संध्याकाळ एकेका विभागाकडे असते: वाचनं त्यांची, गायन त्यांचं, अर्पणाच्या वस्तू वेदीपाशी नेणारे हातही त्यांचेच. एखादा दिवस आजाऱ्यांसाठी, एखादा जोडप्यांसाठी, एखादा मुलांसाठी. नवव्या संध्याकाळी, २३ला, नोव्हेना आणि सणाची पूर्वसंध्या एकमेकांत मिसळतात. पूर्वसंध्येच्या मिस्साची वाचनं वेगळी आहेत. त्या दिवशी योहानाच्या वडिलांची, जखऱ्याची गोष्ट वाचली जाते. तो आत धूप जाळायला गेलाय आणि ‘लोकांचा सगळा समुदाय बाहेर प्रार्थना करीत होता.’ आत जागा न मिळून आवारात, ताडपत्रीखाली, छत्री मिटून उभे असलेले लोक हे वाक्य ऐकतात तेव्हा ते त्यांच्याविषयीचंच असतं.

आता मेणबत्त्या. त्या दोन प्रकारच्या, आणि दोन्हींचे प्रश्न वेगळे.

पहिली अर्पणाची. ती चर्चच्या आत नाही, बहुधा बाहेरच्या पत्र्याच्या शेडखाली, लोखंडी स्टँडवर लावली जाते. नोव्हेनात इथे रोजच्या कितीतरी पट गर्दी होते आणि चुकाही इथेच होतात. मेणबत्ती चिकटवताना लोक बूड दुसऱ्याच्या ज्योतीवर धरून मऊ करतात आणि मिळेल तिथे टेकवतात. दोन मेणबत्त्यांमध्ये तीन बोटांचं अंतर नसेल तर एकीची उष्णता दुसरीला कमरेत वाकवते. वाकलेली मेणबत्ती तिसरीवर पडते, वाती एकत्र येतात, आणि पाच-सहा छोट्या ज्योतींच्या जागी एक मोठी ज्वाळा दिसायला लागते. ही खूण ओळखायला शिकावं. सुटी ज्योत पिवळी आणि शांत असते. ट्रेमधलं मेणच पेटलं की ज्वाळा रुंद होते, तिचं टोक नारिंगी होऊन काळा धूर सोडतं आणि फडफडल्यासारखा आवाज येतो.

अशा वेळी घाईने कुणीतरी पाण्याची बाटली ओततं. ते कधीही करायचं नाही. पेटलेलं मेण पाण्याच्या उकळबिंदूपेक्षा कितीतरी जास्त तापलेलं असतं. पाणी जड, ते खाली जातं, क्षणात वाफ होऊन फुटतं आणि जळतं मेण वर, सगळ्या बाजूंना उडवतं. शेजारी ओढणी, पदर, लहान मुलं असतात. आग छोटी असेल तर ट्रेवर पत्र्याचं झाकण सरकवायचं किंवा कोरडी वाळू टाकायची. हवा तुटली की ती विझते. ट्रेच्या तळाशी मेण गोळा करायला पाणी ठेवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. थेंब पाण्यात पडून गोठतात आणि सकाळी वड्यांसारखे उचलता येतात, म्हणून ती सोयीची. पण वर मेणाचा जाड थर साठू दिला तर तोच पेटतो आणि खालचं पाणी उकळायला लागतं. वाळूचा ट्रे जास्त सुरक्षित, पण तोही दोन-तीन दिवसांनी मेण पिऊन घट्ट होतो आणि मग वाळूच वातीचं काम करते. म्हणून नोव्हेनात वाळू निदान तीनदा बदलावी. अर्धी जळालेली मेणबत्ती स्वयंसेवकाने विझवून बाजूला काढली तर वाईट वाटून घेऊ नये. अर्पण ती लावली तेव्हाच झालं. पुढच्याला जागा देणं हाही त्याचाच भाग.

सोबत येतात मेणाच्या आकृत्या. हात, पाय, डोळे, हृदय, बाळ, घर. मुंबई-ठाण्याच्या मोठ्या सणांना त्या बाहेरच्या टपऱ्यांवर मिळतात. ज्या गोष्टीसाठी विनंती किंवा आभार, तिची आकृती. या पेटवायच्या नसतात. त्यांना वात नसते, तरी दरवर्षी कुणीतरी पायाच्या अंगठ्याला काडी लावतं. त्या पुतळ्याच्या पायाशी किंवा ठरवलेल्या टोपलीत ठेवायच्या. नंतर त्या गोळा होऊन वितळवल्या जातात. आपली आकृती तशीच कायम तिथे राहील अशी अपेक्षा नसावी.

पैशाच्या अर्पणाविषयी एकच सांगण्यासारखं आहे. मिस्साचा हेतू द्यायचा असेल, म्हणजे आजाऱ्यासाठी, आभारासाठी, मृताच्या आत्म्याच्या शांतीसाठी, तर तो मिस्सा सुरू व्हायच्या आधी कार्यालयात किंवा दाराशी बसलेल्यांकडे नोंदवायचा. कागदावर नाव आणि दोन शब्दांत कारण, बस. नोव्हेनाच्या संध्याकाळी बहुधा अनेक हेतू एकत्र वाचले जातात. आपल्या एकट्याच्या हेतूसाठी मिस्सा हवा असेल तर ते तेव्हाच स्पष्ट सांगावं, वेगळी तारीख मिळते. जपमाळ संपताना धावत आणून दिलेली चिठ्ठी त्या दिवशी वाचली जात नाही, आणि त्यावरून दाराशी होणारी बाचाबाची टाळण्यासारखी असते. फुलांचं तर साधंच आहे. जांभळी नाक्याच्या बाजारातून हार घेतला असेल तर प्लास्टिकची पिशवी आधीच काढावी आणि पाणी झटकून द्यावा. ओला झेंडू पुतळ्याच्या खालच्या पांढऱ्या कापडावर पिवळे डाग सोडतो आणि त्या दमट हवेत दुसऱ्या दिवशी कुजतो. हार स्वयंसेवकाच्या हाती द्यायचा, स्वतः चढून घालायचा नाही.

दुसरी मेणबत्ती मिरवणुकीची, आणि तिचा हिशेब आधी मांडून बघावा लागतो. समजा मेणबत्ती एक सेंटिमीटर जाडीची, पंधरा सेंटिमीटर लांबीची आहे. बिनवाऱ्याच्या जागी ती तासाला सहा-सात सेंटिमीटर उतरते. मेणाचे थेंब हातावर पडू नयेत म्हणून खाली कागदी कप लावतात. कपाच्या बुडाखाली पकडायला चार सेंटिमीटर सोडले की वर राहतात अकरा. कागदी कप आखूड, तीन सेंटिमीटर उंचीचा कापून घ्यायचा. पूर्ण उंचीचा कप वारा अडवेल असं वाटतं, पण ज्योत खाली उतरली की ती कपाच्या आत जळते, वाऱ्याने कलते आणि कागद पेटतो. आखूड कपाची कड हीच खूण: ज्योत कडेपाशी आली की विझवायची. म्हणजे वापरायला मिळाले आठ सेंटिमीटर. शांत हवेत हे तासाभराहून थोडं जास्त. जूनच्या वाऱ्यात मात्र ज्योत एका बाजूला झुकते, त्या बाजूची कड वितळते, मेण न जळताच ओघळून जातं आणि तीच मेणबत्ती पस्तीस-चाळीस मिनिटांत संपते.

आता मार्ग. हळू चालणारी, गाणी म्हणत, वळणावर थांबत जाणारी मिरवणूक अर्धा किलोमीटर जायला अर्धा तास सहज घेते. रांगा लागून निघायलाच पंधरा मिनिटं जातात. मेणबत्ती रांगेत उभं राहतानाच पेटवली तर परत आवारात पोहोचायच्या आत ती संपणार, आणि शेवटच्या आशीर्वादाला, जेव्हा ती हातात असायला हवी, तेव्हा हात रिकामा. म्हणून पुढचा क्रूस हलल्याशिवाय पेटवायची नाही. हा एवढा एक नियम पाळला तर निम्मे घोटाळे टळतात.

कपाला भोक पाडायची रीतही सांगून टाकतो. गोल भोक पाडलं तर मेणबत्ती घसरते आणि फटीतून गरम थेंब बोटांवर येतो. ब्लेडने बुडाला अधिकच्या चिन्हासारखी चीर द्यायची, प्रत्येक रेघ मेणबत्तीच्या जाडीपेक्षा किंचितच मोठी. मेणबत्ती खालून वर सारली की कागदाच्या चार पाकळ्या तिला चिकटून बसतात. वात अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा लांब असेल तर कापावी, लांब वात काजळी धरते. मेणबत्त्या दमट खोलीत राहिल्या असतील तर मेण पाणी पीत नाही, पण वात पिते. ती चरचरते, ठिणग्या उडवते आणि विझते. वातीचं टोक कापून कोरड्या फडक्यात चिमटीने पिळलं की बहुधा लागते.

पेटवायची कशी, हे मी लोकांना बघून सांगावंसं वाटतं. ज्योत वेदीवरच्या मेणबत्तीवरून घेतली जाते आणि रांगेतून हातोहात पुढे जाते. ज्याची पेटलेली आहे त्याने आपली सरळ, स्थिर धरायची. ज्याची विझलेली आहे त्याने आपली आडवी करून वात त्या ज्योतीत न्यायची. बरेच जण प्रेमाने उलटं करतात: पेटलेली मेणबत्ती शेजाऱ्याकडे कलंडवतात, आणि वर साठलेलं वितळलेलं मेण शेजाऱ्याच्या मनगटावर ओततात. पेटलेली मेणबत्ती झुकत नाही, न पेटलेली तिच्याकडे झुकते. हे लहान मुलांना एकदा दाखवलं की ती कधी विसरत नाहीत आणि पुढे मोठ्यांनाच शिकवतात.

वारा कुठून येतोय ते गालावर कळतं. त्या बाजूचा तळवा ज्योतीपासून चार बोटं दूर आडवा धरायचा, वाटीसारखा नाही. वाटीत ज्योत गुदमरते आणि तळवा भाजतो. छत्री आणि मेणबत्ती एकत्र आणू नये. छत्रीचं कापड पटकन वितळतं, काड्या मागच्याच्या डोळ्याशी येतात, आणि गर्दीत दोन्ही हात अडकलेला माणूस घसरला तर सावरायला काही उरत नाही. रेनकोट बरा. तोही अंगाला बांधलेला, फडफडणारा नको. मोकळे केस बांधावेत, ओढणी पुढून मागे टाकून गाठ मारावी. सहा-सात वर्षांखालच्या मुलांच्या हाती सेलवरची मेणबत्ती दिली तर मला त्यात काही कमी वाटत नाही. वेदीवरची मात्र खरीच हवी.

मिरवणुकीत सर्वात पुढे क्रूस असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना मेणबत्त्या घेतलेले वेदीसेवक. मग मुलं, संघटना आणि त्यांचे झेंडे, लोकांच्या दोन रांगा, गायनमंडळ, मग धर्मगुरू आणि पालखीवर संताचा पुतळा. क्रम जागोजागी थोडा बदलतो, पण क्रूस पुढे हे बदलत नाही. पुतळा ओळखायला सोपा: उंटाच्या केसांचं वस्त्र, हातात बोरूच्या काडीचा उंच क्रूस, पायाशी कोकरू. कोकरामुळे अनेकांना तो मेंढपाळ वाटतो. ते कोकरू म्हणजे ‘हा पाहा, देवाचा कोकरा’ म्हणून त्याने ज्याच्याकडे बोट दाखवलं तो येशू.

हा उंच क्रूसच पालखीवाल्यांची डोकेदुखी. खांद्याची उंची एकशे चाळीस सेंटिमीटर, पालखीची जाडी वीस, पुतळा एकशे वीस, त्याच्या डोक्यावर आलेला क्रूस तीस. बेरीज तीन मीटर दहा. आपल्या गल्ल्यांमधल्या केबल, रोषणाईच्या माळा, कमानी आणि पावसाने जड होऊन खाली आलेल्या फांद्या याच उंचीवर असतात. म्हणून आदल्या संध्याकाळी साडेतीन मीटरचा बांबू उभा धरून सगळा मार्ग चालायचा. बांबू जिथे अडेल तिथे आधीच दोरीने वर बांधून घ्यायचं. आणि पालखी उचलणारे उंचीने जोडीजोडीने लावायचे. पुढचे दोघे बुटके असतील तर उतारावर पुतळा पुढे झुकतो आणि सगळं वजन त्यांच्याच मानेवर येतं.

या सणाला येणाऱ्यांमध्ये ख्रिस्ती नसलेले पुष्कळ असतात. शेजारी, शाळेतले जुने विद्यार्थी, नवस बोललेले. त्यांनी कुठे उभं राहावं हे कुणी सांगत नाही, म्हणून ते बाजूला फुटपाथवर चालत राहतात. त्याची गरज नाही. लोकांच्या दोन रांगा लागतात त्यात शेवटाला जाऊन उभं राहायचं, हातात मेणबत्ती घ्यायची, पुढच्याशी एका हाताचं अंतर ठेवायचं, कारण त्यापेक्षा जवळ गेलं तर आपली ज्योत त्याच्या पाठीला लागते. धर्मगुरू आणि पालखी यांच्या मधे शिरायचं नाही, आणि समोरून फोटो काढायला उलटं चालायचं नाही. बोलायचं एवढंच: लितानीत प्रत्येक नावानंतर ‘आम्हासाठी विनंती कर.’ तिसऱ्या-चौथ्या नावापर्यंत ते आपोआप तोंडात बसतं. चपला काढायचा नियम चर्चमध्ये नाही. श्रद्धेने कुणी काढतात, त्यांना कुणी अडवत नाही, पण ओल्या रस्त्यावर, खाली मेण सांडलेलं असताना अनवाणी चालणं धोक्याचं आहे.

एक गोष्ट मात्र आधीच माहीत हवी. मिस्सामध्ये धर्मगुरू जी पांढरी गोल चकती देतात ती प्रसाद म्हणून घरी न्यायची नसते. कॅथोलिकांसाठी ते ख्रिस्ताचं शरीर आहे, तयारीने येणाऱ्या कॅथोलिकांनीच घ्यायचं, आणि तिथल्या तिथे सेवन करायचं. सत्यनारायणाच्या प्रसादासारखं समजून कुणी भाबडेपणाने हात पुढे करतं, चकती घेऊन रुमालात गुंडाळतं, आणि मग देणारा मागे धावत येतो. दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. पाहुण्यांनी त्या वेळी जागेवरच बसून राहावं. जिथे पद्धत असेल तिथे रांगेत जाऊन दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवावेत, म्हणजे चकतीऐवजी आशीर्वाद मिळतो. मिस्सानंतर आवारात जे वाटलं जातं, चणे, पाव, लाडू, ते सगळ्यांचं. ते पोटभर घ्यावं.

पाऊस कोसळलाच तर मिरवणूक रद्द होत नाही, आत येते. क्रूस मधल्या वाटेने मागच्या दारापर्यंत जातो, बाजूच्या वाटेने परत वेदीपाशी. अशा वेळी बाहेरच्यांनी ज्योत दारातच विझवून आत यावं. बंद छताखाली, खचाखच भरलेल्या बाकांमध्ये पाच-सहाशे ज्योती म्हणजे धूर आणि धोका. फक्त क्रूसाजवळच्या दोन आणि वेदीवरच्या पुरतात.

परत आल्यावर फुंकर मारून विझवू नये, गरम थेंब समोरच्याच्या अंगावर उडतात. दाराशी वाळूच्या बादल्या ठेवलेल्या असतात, त्यात उलटी खुपसायची. उरलेला तुकडा घरी न्यायचा असेल तर न्यावा, नाहीतर खोक्यात टाकावा, तो पुन्हा वितळवला जातो. आणि फरशीवर सांडलेलं मेण त्याच रात्री काढायच्या भानगडीत पडू नये. गरम असताना पुसलं तर ते पसरतं आणि सकाळच्या मिस्साला येणारी म्हातारी माणसं घसरतात. गोठू द्यावं, मग स्टीलच्या पट्टीने आडवी धरून खरवडावं. साडीवर पडलं असेल तर फ्रीजरमध्ये तासभर ठेवून कडक झालेलं नखाने उडवायचं, उरलेल्या डागावर खालीवर जुना पेपर ठेवून कोमट इस्त्री फिरवायची. कागदावर तेलकट ठसा उमटणं थांबलं की मेण निघालं.